रविवारी तीन मिनिटं बोलायचंय: हॅमची परीक्षा पास झाले, सरांचे आणि मित्रमंडळींचे आभार मानायचेत

सातारी_कंदी (शनिवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाची, जनरल ग्रेडची परीक्षा पास झाले. दुसऱ्या खेपेला. पुढच्या रविवारी आमच्या क्लबने छोटासा कार्यक्रम ठेवलाय, एका शाळेच्या वर्गात, चाळीसेक माणसं असतील. पास झालोय चौघं, पण बोलायला मी, कारण बाकीच्या तिघांनी आधीच हात वर केले. वेळ तीन मिनिटं. शिकवणारे सर आणि मॅडम समोर असतील, कॉलेजातले मित्रही येणार आहेत. त्यांना रेडिओतलं काही कळत नाही.

मसुदा लिहिलाय, पण वाचताना माझंच लक्ष उडतं. सुरुवात देते:

"आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या प्रिय मित्र-मैत्रिणींनो. २४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने पहिला अधिकृत संदेश पाठवला आणि जग जवळ आले. तेव्हापासून भूजच्या २००१ च्या भूकंपापर्यंत आधी तारेने आणि मग बिनतारी संदेशाने मानवजातीची सेवा केली आहे. अशा या क्षेत्रात पाऊल ठेवताना सरांचे अनमोल मार्गदर्शन लाभले. त्यांचे आभार मानून मी त्यांना परके करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहणे पसंत करीन..."

पुढे चौदा नावं आहेत. काय करू?

माईकवाले_काका

अभिनंदन पोरी. वीस वर्षं सूत्रसंचालन करतोय, म्हणून सांगतो. आभाराला क्रम असतो. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग संस्था, हॉल देणारे, मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, आणि शेवटी उपस्थित. एक जरी नाव मागेपुढे झालं तरी लोक वर्षभर लक्षात ठेवतात. चौदा नावं जास्त नाहीत, मी एकदा एकेचाळीस घेतली होती.

पावशेर

आणि तेव्हा हॉलमध्ये किती जण उरले होते काका?

बुलेट_३५०

लायसन्सच्या परीक्षेला भाषण? आमच्या आरटीओत लर्निंगला पंधरा प्रश्न आले, नऊ बरोबर आले की पास. कुणी पेढासुद्धा दिला नाही. असो, अभिनंदन. गाडी कुठली घेताय?

पावशेर

बुलेटभाऊ, धागा वाचा हो. रेडिओचं लायसन्स आहे.

डा_डिट_डा

अभिनंदन. मी हॅम आहे, कॉलसाइन, म्हणजे हवेतलं माझं नाव, इथे देत नाही, पण केस पांढरे झालेत एवढं समजून घ्या.

काकांचा क्रम बरोबर आहे, पण तो आभारप्रदर्शनाचा. ते कार्यक्रमाच्या शेवटी संस्थेतलं कुणीतरी करतं आणि तोवर माणसं चपला शोधत असतात. तुम्हाला सांगितलंय ते मनोगत. हॉलवाल्याचे आभार तुम्ही मानायचे नाहीत, क्लबचा सेक्रेटरी मानेल. तुमच्याकडे फक्त ज्यांच्यामुळे तुम्ही पास झालात ती माणसं. म्हणजे चौदातली निम्मी नावं इथेच गळतात.

दुसरं, १८४४ आणि भूज दोन्ही काढा. खोटं काहीच नाही त्यात, पण समोर बसलेल्या तुमच्या सरांना मोर्सची तारीख तुमच्याकडून ऐकायची नाहीये. आणि "आभार मानून परकं करणार नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की हात आपोआप टाळीला जातात. त्यातून सर कोण आहेत ते काहीच कळत नाही.

म्हणून विचारतो. सरांनी नक्की केलं काय? तुम्ही पहिल्यांदा कशात गेलात आणि दुसऱ्यांदा काय वेगळं झालं?

सातारी_कंदी

मोर्सच्या सांकेतिक लिपीत गेले. लेखी दोन्ही भाग निघाले होते.

मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने पाच मिनिटं ऐकून लिहायचं असतं. मला एक अक्षर कळलं नाही. एच होता की पाच हा आकडा, टिंबं चार की पाच, तेवढाच घोळ. ते मोजत बसले तोवर पुढची सहा-सात अक्षरं निघून गेली, मग घाबरले, मग सगळंच गेलं.

सर तारखात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी कधीच ओरडून शिकवलं नाही. फक्त त्यानंतर सरावात ते मुद्दाम व्यत्यय आणायला लागले. मध्येच खोकायचे. स्टीलची वाटी टेबलावरून खाली पाडायचे. एकदा ऐन ओळीत काकूंनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. मला वाटलं चटणी चाललीय. सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, यांनीच खूण केली, आत्ता लाव म्हणून." अक्षर सुटलं की सर म्हणायचे, "गेलं ते गेलं. रेघ मार, पुढचं ऐक."

डा_डिट_डा

झालं तुमचं भाषण. वरचा सरांबद्दलचा परिच्छेद उचला आणि तसाच बोला.

ज्यांना मोर्स येत नाही त्यांच्यासाठी थोडं: या वेगाला मिनिटात साधारण चाळीस अक्षरं येतात, म्हणजे पाच मिनिटांत दोनशे. दर दीड सेकंदाला एक. एका अक्षराचा विचार करायला तीन सेकंद घेतले की दोन गेली, आणि त्या दोघांचा विचार करायला लागलं की पाच. नवशिका इथेच बुडतो. त्याला अक्षरं येत नाहीत असं नसतं, त्याला सोडता येत नाही. हे शिकवायला मिक्सर वापरणारा मास्तर मी तरी पाहिलेला नाही.

इचलकरंजीचा_वायरमन

माझं सांगतो. वायरमनचा परवाना मिळाला तेव्हा आयटीआयच्या सरांनी आम्हाला चार शब्द बोलायला लावले. मी सगळ्यांची नावं घेतली. प्रिन्सिपॉल, निदेशक, लायब्ररीवाले. ज्याच्या सायकलवर डबलसीट बसून परीक्षेला गेलो तो समोर बसला होता, त्याचंच राहिलं. तो काही बोलला नाही. एकोणीस वर्षं झाली, अजून त्याच्या घरी जेवायला गेलो की मला ते आठवतं. त्याला बहुतेक आठवतही नसेल. तेव्हा ताई, नावं कागदावर लिहून न्या. पाठ करू नका.

माईकवाले_काका

हेच तर मी म्हणत होतो! नावं घ्या!

पावशेर

नाही काका, त्याने सगळी नावं घेतली म्हणूनच ते एक सुटलेलं दिसलं. दोनच घेतली असती तर कुणाला सुटल्यासारखं वाटलं नसतं.

इचलकरंजीचा_वायरमन

मला वाटलं असतं. सायकल त्याची होती.

मृण्मयी_के

मला एक वेगळंच वाटतं. नापास झाल्याचं कशाला सांगायचं? मित्रमैत्रिणी येणार, कदाचित घरचेही येतील. आनंदाच्या दिवशी ते नको. शिवाय बाकीचे तिघं पहिल्याच खेपेला पास झाले असतील तर तेच चर्चेत राहतं.

डा_डिट_डा

ते काढलं तर मिक्सर कशासाठी लावला होता हे कुणाला कळणारच नाही.

मृण्मयी_के

"सराव करताना अक्षर सुटायचं" एवढं म्हटलं तरी कळतं की. नापास हा शब्द यायलाच हवा असं काही नाही.

सातारी_कंदी

मृण्मयी, बाकीच्या तिघांतले दोघं दुसऱ्यांदाच पास झालेत. त्यांनी बोलायला नकार दिला त्याचं एक कारण तेच असावं. त्यामुळे मी म्हटलं तर त्यांनाही... माहीत नाही. बघते.

अजून एक. परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली, एकदा तर आम्ही एसटीत बसल्यावर कळलं. त्याबद्दल एक चिमटा काढू का? हॉलमध्ये हमखास हशा येईल.

डा_डिट_डा

काढू नका. हशा येईल, आणि मग प्रत्येकाला आपापली तारीख आठवेल, आणि सरांची वाटी खाली पडली ते कुणी ऐकणार नाही. तक्रारीला तीन मिनिटं पुरत नाहीत, ती चहाच्या वेळी करा.

पावशेर

शेवट भारी करा ना. माईकवर बोटाने टकटक करून मोर्समध्ये थँक्यू म्हणा. ते टी-यू असं काहीतरी असतं ना? व्हिडिओ व्हायरल.

डा_डिट_डा

टी-यू बरोबर. पण टकटक करून होणार नाही. मोर्समध्ये डिट आखूड आणि डा त्याच्या तिप्पट लांब, सगळा फरक आवाजाच्या लांबीत. बोटाच्या टिचकीला लांबी कुठे असते? टी म्हणजे एक डा, ई म्हणजे एक डिट, आणि टेबलावर दोन्ही म्हणजे एक टक. सर समोर बसून म्हणतील, मुलीला एवढं शिकवलं आणि ही मला ई पाठवते.

सरावाची मोर्स-की आणि बझर घेऊन जा. परीक्षेच्याच वेगाने पाठवलं तर टी-यूला जेमतेम दोन सेकंद लागतात. "७३" म्हणजे आमचा शुभेच्छांचा आकडा, त्याला चार-साडेचार. टी-यूच ठेवा. आणि मनगट सैल ठेवा, स्टेजवर हात आखडला की डा आखूड होतात.

बुलेट_३५०

थांबा थांबा. वरच म्हणालात ना रेडिओचं लायसन्स? मग लायसन्स हातात येण्याआधी हॉलमध्ये मोर्स पाठवणं बेकायदा नाही का? माझा मेहुणा पोलिसात वायरलेसला आहे, तो म्हणतो लायसन्सशिवाय काही पाठवलं तर सेट जप्त होतो.

डा_डिट_डा

मेहुण्याचं बरोबर आहे, पण ते प्रक्षेपणाबद्दल. बझर हवेत काही सोडत नाही, सायकलच्या घंटीएवढाच त्याचा गुन्हा.

मात्र तुमच्या बोलण्यातून एक मुद्दा निघाला. ताई, "मला लायसन्स मिळालं" असं भाषणात म्हणू नका. परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते ऑपरेटरचं प्रमाणपत्र. स्टेशनचं लायसन्स आणि कॉलसाइन यासाठी वेगळा अर्ज, त्याला वेगळा वेळ. हॉलमधले निम्मे हॅम तिथल्या तिथे दुरुस्ती करतील, आमची जातच तशी.

जुना_ट्रान्झिस्टर

पण मोर्स तर २००३ मध्येच रद्द झालं ना? जिनिव्हाच्या परिषदेत. मग परीक्षेत कसं?

डा_डिट_डा

परिषदेने रद्द केलं नाही, सक्ती काढली. ठेवायचं की नाही ते प्रत्येक देशावर सोडलं. अमेरिकेने २००७ मध्ये काढून टाकलं. आपल्याकडे खालच्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स नाही, जनरलला राहिलं. आता यावर वाद नको, नाहीतर धागा दोनशे प्रतिसादांना जाईल आणि रविवार निघून जाईल.

सातारी_कंदी (गुरुवार, रात्री ११.१५)

पुन्हा लिहिलं. घड्याळ लावून वाचलं, दोन मिनिटं चाळीस सेकंद. नावांच्या जागी इथे अमुक टाकलंय.

"नमस्कार. गेल्या वर्षी मी याच परीक्षेत नापास झाले. लेखी निघाली, मोर्स गेलं. पाच मिनिटं ऐकायचं आणि लिहायचं. दुसऱ्या मिनिटाला एक अक्षर कळलं नाही. ते काय असेल याचा विचार करत बसले, आणि भानावर आले तेव्हा अर्धी ओळ निघून गेली होती.

सरांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून पाठवायला लागले आणि मध्येच जोरात खोकले. माझं अक्षर सुटलं. तिसऱ्या दिवशी वाटी पाडली. अक्षर सुटलं. एके दिवशी ऐन ओळीत काकूंनी मिक्सर लावला. मी म्हटलं, काकूंना आत्ताच चटणी सुचली. नंतर कळलं, सरांनीच आत खूण केली होती. अक्षर सुटलं की सर एकच सांगायचे, गेलं ते गेलं, रेघ मार, पुढचं ऐक. या वेळी परीक्षेत माझ्या कागदावर तीन रेघा होत्या. सर, त्या तीन रेघा तुमच्या आहेत. आणि काकू, चटणी खरंच केली असेल तर माझ्या वाट्याची राहिलीय.

नियमांचा भाग अमुक मॅडमनी घेतला. त्यांच्या वर्गात साधं बोलायला बंदी होती. थांबा म्हणायचं तर क्यूआरएक्स, गोंगाट झाला तर क्यूआरएम. घरी मी आईला टीव्हीचा क्यूआरएम कमी कर म्हणाले, तेव्हा तिला वाटलं मी आजारी आहे.

माझी मैत्रीण अमुक हिला मोर्समधलं एक अक्षर येत नाही. ती रोज रात्री कॉलेजातल्या बातम्या मोबाइलवर टाइप करायची, त्यांचे मोर्समध्ये आवाज करून मला पाठवायची. कोण कुणाशी बोलत नाही, कोणाची केटी लागली. महत्त्वाचं नाव नेहमी शेवटी. मी अभ्यासासाठी जेवढं ऐकलं नसतं तेवढं त्या नावांसाठी ऐकलं. अमुकच्या गाडीवरून आम्ही दोनदा परीक्षेला गेलो, पेट्रोलचे पैसे त्याने अजून घेतलेले नाहीत.

प्रमाणपत्र मिळालंय, कॉलसाइन अजून यायची आहे. तोवर मला हवेत काही पाठवता येत नाही. या वर्गात येतं."

आणि मग बझरवर टी-यू.

इचलकरंजीचा_वायरमन

गाडीवाल्याचं आलं. माझं समाधान झालं.

माईकवाले_काका

"आदरणीय व्यासपीठ" नाही, अध्यक्षांचा उल्लेख नाही. पण वाचताना मी हसलो हे कबूल करतो. निदान "अध्यक्ष महोदय" एवढं तरी घाला, म्हातारी माणसं असतात.

डा_डिट_डा

घाला, दोन शब्दांनी काही बिघडत नाही. एकच सुचवतो. "तीन रेघा तुमच्या आहेत" नंतर थांबा. मनात चार आकडे मोजा. लगेच चटणीवर गेलात तर ते वाक्य हशात जाईल.

मृण्मयी_के

छान झालंय. नापासचं मला अजूनही पटलेलं नाही, पण भाषण तुझं आहे.

सातारी_कंदी (रविवार, रात्री १०.०५)

झालं!

थांबायचं विसरले. चटणीवर हशा आलाच, आणि तो "तीन रेघा" वाल्या वाक्याच्या अंगावर आला. काकूंनी पदर तोंडाला लावला होता, हसत होत्या की काय ते कळलं नाही. मॅडमचा क्यूआरएम फक्त हॅम मंडळींना कळला, आईला मात्र राग आला की तिला न विचारता तिचं सांगितलं. बझर आधी वाजलाच नाही, सेल उलटा बसला होता. दोन सेकंदांच्या टी-यूसाठी चाळीस माणसं मिनिटभर माझ्याकडे बघत होती. मग वाजला. डा थोडा आखूड गेला असावा, हात आखडला होता.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. टी-यू झाल्यावर सर जागेवरून उठले नाहीत. त्यांनी बाकावर काहीतरी वाजवलं. एकदा नखाने, एकदा बोटाच्या पेराने, टिक-खट, टिक-खट, असं. मागच्या रांगेतले दोन म्हातारे हसले. मला एक अक्षर कळलं नाही! मोर्सच होतं, पण मी शिकले तसं नव्हतं. मैत्रिणीने मोबाइलवर रेकॉर्ड केलंय. डा_डिट_डा, तुम्हाला पाठवू का?

डा_डिट_डा (रविवार, रात्री ११.३०)

ऐकलं. मी टेबलावर टकटक करून होत नाही म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

तुमच्या सरांनी साउंडर वाजवला. जुन्या तार ऑफिसात सूर नसायचा. की दाबली की पट्टी खाली आपटून एक आवाज, सोडली की वर जाऊन वेगळा आवाज. दोन आवाजांमधलं अंतर कमी तर डिट, जास्त तर डा. म्हणून त्यांनी नख आणि पेर असे दोन वेगळे आवाज वापरले. असं ऐकून लिहिणारी माणसं आता फार उरली नाहीत. मीही बझरवरच शिकलो, त्यामुळे मला चार वेळा ऐकावं लागलं.

पहिलं अक्षर नक्की आर. म्हणजे "पोचलं". त्यानंतर आणखी दोन किंवा तीन अक्षरं आहेत, पण त्यावर कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

पावशेर

त्या माईकवाल्या काकांच्याच गावचा असणार तो.

सातारी_कंदी (सोमवार, सकाळी ८.२०)

सरांना फोन केला. पुढचं काय होतं विचारलं. म्हणाले, "मी पुन्हा पाठवत नाही. रेघ मार." आणि ठेवला.

डा_डिट_डा

मैत्रिणीला विचारा, दुसऱ्या कुणी जवळून रेकॉर्ड केलंय का. मागच्या रांगेतल्या त्या दोघांपैकी एखादा बोलला तरी चालेल.

बुलेट_३५०

हा बझर कुठे मिळतो? पोराला सुट्टीत शिकवावं म्हणतो. वयाची अट काय आहे?

डा_डिट_डा

बारा वर्षं पूर्ण. बझरचं वेगळ्या धाग्यात विचारा, तिथे सर्किट देतो.